पांढरे कपडे, पांढरी टोपी आणि नंतरचं कटिंग : फोटो काढतानाच काय करावं?

तापीकाठचा_स्टुडिओ

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या तेरा संचालकांचे फोटो काढायचं काम आलंय. कमरेपासून वरचे फोटो हवेत. प्रत्येकाला कापून एका रांगेत बसवायचं आणि मागे केशरी-पिवळी डिझाइन टाकायची. तेच फोटो सभेच्या मोठ्या फ्लेक्सवर जाणार आणि तेच छापील अहवालातही.

मंडळी कशी आहेत ते सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. बहुतेक सगळे पांढरा सदरा किंवा पांढरा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. चार-पाच जणांच्या मिशा आणि कानावरचे केस पांढरे. दोन महिला संचालक आहेत, त्यांतल्या एक काकू कायम हिरवं लुगडं नेसतात.

मागे एका कामात हिरव्या कापडापुढे काढलेले फोटो माझ्याकडे फक्त कटिंगला आले होते. माणूस कापडाला जवळजवळ टेकून उभा. टोपीच्या कडा हिरवट, खांदे हिरवट, चष्म्याच्या काचेत हिरवा. फोटोशॉपमध्ये `Decontaminate Colors` ला टिक केलं की हिरवा जातो, पण पांढरी मिशी मळकट दिसायला लागते. प्रत्येक फोटोवर बसून कडा रंगवाव्या लागल्या. यावेळी फोटो मीच काढणार आहे, म्हणून कटिंगचा त्रास कॅमेऱ्यापाशीच संपवायचाय.

जागा सोळा फूट बाय दहा फूट, भिंती पांढऱ्या. एक स्ट्रोब सॉफ्टबॉक्ससह, एक जुना स्ट्रोब छत्रीचा. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, 50 एमएमची लेन्स. मागे कोणता रंग लावू? हिरवं, निळं की पांढरं?

नाना_फ्लेक्स

भाऊ, मी जळगावात फ्लेक्सचंच काम करतो. हिरवंच लाव. सिनेमावाले हिरवं का लावतात? एका क्लिकमध्ये निघतं म्हणून. तुझ्याकडे आलेल्या फोटोत कापड वाईट असेल, सुरकुत्या असतील. चांगलं इस्त्री केलेलं कापड घे, त्याच्यावर एकसारखा उजेड टाक. आणि कडा थोडी खराब आलीच तर दोन-तीन पॉइंटची पांढरी बॉर्डर मारायची. फ्लेक्सवर वीस फुटांवरून कोणाला दिसतं?

अमळनेरकर_फोटो

पांढरंच लावा. पासपोर्ट फोटोला पांढरं बॅकग्राउंड लागतं, आम्ही रोज काढतो. माणूस भिंतीपुढे उभा करायचा, दोन्हीकडून लाइट, काम झालं. कापायचीही गरज पडत नाही.

तापीकाठचा_स्टुडिओ

अमळनेरकर दादा, पासपोर्टचा प्रश्न नाही. कापून केशरी डिझाइनवर बसवायचंय. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी टोपी असली तर कडा शोधायची कुठे?

नाना, बॉर्डरचं फ्लेक्सपुरतं ठीक, पण अहवाल लोक हातात धरून बघतात. तिथे पांढरी बॉर्डर नको म्हणून सचिवांनी आधीच बजावलंय.

पांझराकाठ

मी बरीच वर्षं मुंबईत कपड्यांच्या कॅटलॉगचं शूटिंग केलं, आता धुळ्याला असतो. त्या कामात दिवसभर कापायचेच फोटो निघायचे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाना म्हणतात ते व्हिडिओच्या बाबतीत बरोबर आहे. सेकंदाला पंचवीस फ्रेम हाताने कापता येत नाहीत, म्हणून तिथे रंगावरून वेगळं करणं भाग असतं. शिवाय तिथे कलाकार पडद्यापासून चांगला लांब उभा असतो आणि पडद्याचे लाइट वेगळे असतात. आपल्याकडे कापड तेवढं येतं, ते अंतर येत नाही. कापडावर पडलेला उजेड हिरवा होऊन परत फिरतो आणि माणसाच्या कडांवर बसतो. काळ्या कोटावर तो फारसा दिसत नाही. पांढऱ्या टोपीवर आणि पांढऱ्या मिशीवर लगेच दिसतो, कारण पांढरी वस्तू मिळेल तो रंग परत फेकते. म्हणजे तुमच्या मंडळींसाठी हिरवं हे सगळ्यात वाईट. काकूंचं लुगडं तर कापडासोबतच निघून जाईल.

दुसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. कॅमेऱ्याच्या जेपीईजीमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण बारकाईने ठेवलेली असते, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा त्याहून जाडीभरडी. त्यामुळे रंगावरून कापलेली केसाची कड पायऱ्या-पायऱ्यांची निघते. उजळपणावरून कापली तर एकेक केस मिळतो. रॉमध्ये काढलं तर हा फरक बराच कमी होतो, पण कडेवर बसलेला हिरवा रॉमध्येही तसाच राहतो.

म्हणून माझं मत, रंग सोडा. मध्यम राखाडी बॅकग्राउंड घ्या. काळे केस त्याच्यापेक्षा गडद, पांढरी टोपी आणि पांढरे केस त्याच्यापेक्षा उजळ. दोन्ही सुटे दिसतात. राखाडीचा उजेड कडेवर पडलाच तरी त्याला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे केशरी डिझाइनवर तो खटकत नाही.

राखाडी कागद विकत आणायचीही गरज नाही. तुमची पांढरी भिंतच राखाडी होईल.

नाना_फ्लेक्स

पांढरी भिंत राखाडी कशी होईल बुवा? रंग द्यायचा का?

पांझराकाठ

रंग नको, अंतर पुरेल. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, हे आपण शाळेत शिकलोय. इथे ते थेट कामाला येतं.

खोली सोळा फुटांची आहे. माणूस मागच्या भिंतीपासून सात फूट पुढे उभा करा. कॅमेरा त्याच्यापासून आठ फुटांवर. 50 एमएमला क्रॉप सेन्सरवर कॅमेरा उभा धरला तर तिथून साधारण साडेतीन फूट उंची फ्रेममध्ये येते, म्हणजे कमरेपासून टोपीपर्यंत नीट बसतं. तुमची पाठ समोरच्या भिंतीला लागेल, पण होईल.

आता सॉफ्टबॉक्स माणसापासून चार फुटांवर, एका बाजूला पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांपेक्षा थोडा वर. तिथून मागची भिंत साधारण दहा फुटांवर पडते. माणसावर जेवढा उजेड पडतो त्याच्या साधारण एक षष्ठांश भिंतीवर पोचतो, म्हणजे अडीच स्टॉपपेक्षा थोडा जास्त फरक. पांढरी भिंत एवढ्या कमी उजेडात मध्यम राखाडीच दिसते. खोली लहान आहे, बाजूच्या भिंती पांढऱ्या आहेत, त्यामुळे थोडा उजेड उसळून मागे जाईल आणि फरक दोन स्टॉपच्या आसपास राहील. तेवढा पुरतो.

उलट करून बघा म्हणजे कळेल. तोच सॉफ्टबॉक्स माणसापासून आठ फुटांवर नेला आणि माणूस भिंतीपासून दोन फुटांवर उभा केला, तर भिंतीवर माणसाच्या जवळजवळ दोन तृतीयांश उजेड पडतो. भिंत पांढरीच दिसते, टोपी तिच्यात विरघळते, आणि मागे माणसाची सावली पडते ती वेगळीच. सात फूट अंतर असलं की सावली तिरकी जाऊन बाजूच्या भिंतीवर पडते, फ्रेममध्ये येतच नाही.

आकड्यात सांगतो. एक फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्या आणि माउस फिरवून `Info` मध्ये बघा. भिंत 100 ते 130 च्या दरम्यान, सदऱ्याचा उजळ भाग 225 ते 240, काळे केस 20 ते 40. एवढं जमलं की कटिंग निम्मं झालं समजा. सदरा 255 ला गेला तर घड्या जातात आणि कडही खाल्ली जाते. तेव्हा एक्सपोजर सदऱ्यावरून ठरवा.

सातपुडा_शहादा

भाऊ, मनी बी तीच गत शे, पण माझ्याकडे स्टुडिओच नाही. मी शहाद्याकडे गावोगाव फिरून वाढदिवसाच्या बॅनरसाठी मोबाइलवर फोटो काढतो. केळीच्या बागेत नाहीतर शेताच्या बांधावर उभं करतो, बॅकग्राउंड ब्लर करतो. तरी कापताना कान आणि केस गायब होतात. माझ्यासारख्याने काय करायचं?

पांझराकाठ

आधी मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद करा. त्यात ब्लर लेन्सने होत नाही, मोबाइल स्वतःच अंदाजाने माणूस कापून मागचं धुरकट करतो. त्या अंदाजात केस आणि कानाची कड आधीच गेलेली असते. एकदा गेलेली कड तुम्ही परत कुठून आणणार? साधा फोटो काढा, दोन पावलं मागे व्हा आणि 2x असेल तर ती लेन्स वापरा.

केळीच्या बागेत काढू नका. चारी बाजूंनी हिरव्या पानांतून गाळून आलेला उजेड अंगावर पडतो. हिरवं कापड लावल्यासारखंच ते, फक्त चारी बाजूंनी.

आपल्याकडच्या जुन्या घरांत एक सोय आयती असते. पडवी असेल तर माणूस पडवीच्या पुढच्या कडेला, सावलीतच, पण अंगणाकडे तोंड करून उभा करा. मागे घराचं दार सताड उघडं आणि आतले दिवे बंद. अंगणातला मोकळा उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागे दाराची काळोखी चौकट मिळते. पांढरी टोपी, पांढरे केस त्याच्यावर फार सुंदर सुटतात. काळ्या केसांना मात्र हे चालत नाही. त्यांच्यासाठी मागे सावलीतली फिकट भिंत हवी आणि माणूस तिच्यापासून सात-आठ फूट पुढे.

भिंतीवर ऊन पडलेलं नको. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आपल्याकडची पांढरी भिंत इतकी तापते आणि चमकते की तिचा उजेड लेन्समध्ये पसरतो आणि बारीक केस खाऊन टाकतो.

वाघूर

पांझराकाठ दादांचं बरंचसं पटलं, पण दुसरा स्ट्रोब कोणी विचारातच घेतला नाही. माझा अनुभव असा की मागून, वरून एक छोटा लाइट केसांवर आणि खांद्यांवर मारला की कड आपोआप उजळून निघते. कटिंगला रेषा आखून दिल्यासारखी होते. तापीकाठ भाऊ, तो छत्रीचा स्ट्रोब तिथे वापरा.

पांझराकाठ

काळे केस आणि गडद बॅकग्राउंड असेल तर मीही लावतो. इथे दोन कारणांनी नको म्हणेन. पांढऱ्या टोपीवर मागून लाइट मारला की ती 255 ला जाते आणि कडेचा आकारच पुसला जातो. आणि केशरी-पिवळ्या डिझाइनमध्ये मागे सूर्य दाखवला नसेल तर माणसाच्या भोवती पांढरी लकेर का, असं बघणाऱ्याला वाटतं. कापलेला फोटो चिकटवलेला दिसतो तो बऱ्याचदा अशा लकेरीमुळेच.

वाघूर

ताकद एक स्टॉप कमी ठेवली तर टोपी फुटत नाही, मी केलंय. आणि आपल्याकडच्या फ्लेक्सवर मागे किरण असतातच. त्यामुळे लकेर शोभते. यावर आपलं एकमत होणार नाही, पण भाऊंनी दोन्ही करून बघावं.

रावेरची_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी केळी वेफर्स करते, पारदर्शक पाऊचमध्ये विकते. ऑनलाइन टाकायला पाऊचचे फोटो कापावे लागतात. राखाडीपुढे काढले तर पाऊचच्या मोकळ्या भागातून राखाडी दिसतं आणि पांढऱ्यावर ठेवलं की मळकं वाटतं. मलाही अंतर वाढवूनच चालेल का?

पांझराकाठ

ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. पारदर्शक वस्तूतून मागचं दिसणारच, ते कितीही लांब असलं तरी. म्हणून जिथे शेवटी ठेवायचं तसंच मागे लावा. पांढऱ्या पानावर टाकणार असाल तर पांढरंच कागद घ्या, त्याच्यावर वेगळा उजेड टाका. पाऊचपेक्षा अर्धा ते एक स्टॉप उजळ पुरे. त्याहून जास्त केलात तर पाऊचच्या कडा विरतात. कड हरवू नये म्हणून पाऊचच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करा. प्लास्टिकच्या कडेत त्या पट्ट्यांचं काळं प्रतिबिंब बारीक रेषेसारखं उमटतं. मग ते पाऊच पांढऱ्यावरही उठून दिसतं. बरेचदा कापायलाच लागत नाही.

रावेरची_लेक

काळ्या पट्ट्या आजच करून बघते. कार्डशीट मुलीच्या दप्तरातच आहे.

तापीकाठचा_स्टुडिओ

पांझराकाठ दादा, ॲपर्चर किती ठेवू? मला पोर्ट्रेटला f/1.8 ची सवय आहे, मागचं छान धुरकट होतं.

पांझराकाठ

कापायच्या फोटोला f/8. मागचं धुरकट करायची गरजच नाही, ते तर फेकून द्यायचंय. आठ फुटांवर f/1.8 ला जेमतेम अर्धा फूट खोली शार्प येते. डोळे शार्प, पण कान आणि मागचा खांदा मऊ. मऊ कड कापणं सगळ्यात अवघड, कारण ती कुठे संपते हे ठरवताच येत नाही, आणि त्या मऊपणात मागचा रंग मिसळलेला असतो. f/8 ला दोन फुटांहून जास्त खोली मिळते. नाकापासून मागच्या खांद्यापर्यंत सगळं येतं. भिंत सात फूट मागे असल्याने तिच्यावरचे पोपडे, खिळ्यांच्या खुणा तरीही जरा मऊ होतात, ते आपल्याला हवंच आहे.

आयएसओ 100, शटर 1/125. शूटिंगच्या आधी एक चाचणी नक्की करा. स्ट्रोब बंद ठेवून याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. खिडकीतलं ऊन किंवा ट्यूबलाइट त्यात दिसत असेल तर पडदा ओढा, ट्यूब बंद करा. नाहीतर भिंतीवर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि एका बाजूला राखाडी, दुसऱ्या बाजूला हिरवट असं होतं.

जमिनीवर चिकटपट्टीने पायांची खूण करा, कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवा. तेराही जण त्याच खुणेवर, त्याच उजेडात. सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूने आला पाहिजे. कटिंग कितीही सुबक झालं, तरी एकाची सावली डावीकडे आणि शेजाऱ्याची उजवीकडे असली की रांग खोटी दिसते. कॅमेऱ्याची उंची मात्र माणसागणिक छातीच्या पातळीवर आणा.

वाघूर

ट्रायपॉड आहेच तर प्रत्येक माणूस बाजूला झाला की रिकाम्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवा. नंतर `Difference` ने माणूस आणि भिंत वेगळी करता येते.

पांझराकाठ

ऐकायला सोपं आहे, पण माणूस उभा असताना आणि नसताना भिंतीवरचा उजेड सारखा राहत नाही. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरूनही उजेड उसळतो. व्हिडिओत याचा उपयोग पाहिलाय, स्थिर फोटोत मला फारसा झाला नाही. एक क्लिक आहे, काढून ठेवायला हरकत नाही.

तापीकाठचा_स्टुडिओ

काल सोसायटीच्या एका संचालकांना आणि माझ्या चुलत्यांना बोलावून चाचणी घेतली. सगळं तुमच्या मापाने लावलं. भिंतीचा आकडा लाइटच्या बाजूला 128, दुसऱ्या बाजूला 104. सदरा 235. पांढऱ्या मिशीचा एकेक केस दिसतोय. `Select and Mask` मध्ये मिशीवर एकदा ब्रश फिरवला आणि केशरीवर ठेवलं, कड अगदी साफ. हे बघून फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र अडली. आमचे चुलते सावळे आहेत. लाइटच्या विरुद्ध बाजूचा गाल आणि भिंत जवळजवळ एकाच उजळपणाचे झालेत. सिलेक्शन गालात घुसतं.

नाना_फ्लेक्स

म्हणून म्हणत होतो रंग पाहिजे.

पांझराकाठ

नानांचा मुद्दा इथे रास्त आहे. राखाडीची हीच मर्यादा. सावलीतली त्वचा आणि राखाडी उजळपणात एक होतात. पण रंगाने एक नसतात. `Channels` उघडा आणि फक्त `Blue` बघा. त्वचेत तांबडा-पिवळा जास्त, निळा कमी. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये गाल बराच काळा पडतो आणि भिंत आहे तिथेच राहते. त्या बाजूची कड तिथून उचला. जेपीईजी असेल तर या चॅनेलमध्ये दाणे आणि चौकटी दिसतील, म्हणून रॉमध्ये काढा. आणि गालाची कड केसांसारखी बारीक नसते, थोडं खडबडीत आलं तरी गुळगुळीत करता येतं.

शूटिंगमध्येच सुधारायचं तर सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल माणसापासून दोन फुटांवर उभा करा. गाल भिंतीपेक्षा उजळ होईल. चेहऱ्यावरची सावलीही जरा हलकी होते, फ्लेक्सला तेच बरं दिसतं.

तापीकाठचा_स्टुडिओ

थर्माकोलने काम झालं. गाल 150 च्या वर गेला, भिंत होती तिथेच.

आता शेवटची अडचण. चेअरमन साहेबांचा निरोप आलाय की ते पांढऱ्या सदऱ्यावर राखाडी जाकीट घालणार, आणि टोपी आहेच. जाकिटाचा तुकडा आणून चाचणी केली. तो 115 येतो. म्हणजे भिंतीत मिसळणार. भिंतीवर दुसरा स्ट्रोब मारून ती उजळ केली तर जाकीट सुटतं, पण टोपी हरवते. त्यांना जाकीट काढा म्हणायची सोय नाही.

वाघूर

म्हणून मागचा लाइट सांगितला होता. खांद्यावर लकेर आली की जाकीट सुटेल.

पांझराकाठ

वाघूर, खांद्यावर सुटेल, पण बाह्या आणि कंबरेच्या बाजूला लकेर पोचणार नाही.

भाऊ, भिंत सगळी एकसारखी असायला हवी असा नियम नाही. टोपी वर आहे, जाकीट खाली. म्हणजे भिंत वर गडद आणि खाली उजळ पाहिजे. छत्री काढून ठेवा. दुसरा स्ट्रोब माणसाच्या मागे जमिनीवर ठेवा, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, तोंड भिंतीच्या खालच्या भागाकडे. माणसाच्या अंगामागे तो लपतो, शिवाय कमरेखालचा भाग फ्रेममध्ये नाहीच. खाली भिंत उजळ होते आणि वर जाताना उजेड झपाट्याने उतरतो, कारण अंतर वाढत जातं. ताकद सगळ्यात कमीपासून सुरू करा. जाकिटाच्या मागे भिंत 190 च्या आसपास आणि टोपीच्या मागे 130 च्या खाली आली की थांबा. टोपीच्या मागे आकडा चढला तर ताकद कमी करण्याआधी स्ट्रोब भिंतीच्या आणखी जवळ सरकवा, म्हणजे उतार तीव्र होतो. उजेड मागे माणसाच्या पाठीवर येत असेल तर स्ट्रोबच्या मागच्या बाजूला काळं कापड किंवा पुठ्ठा आडवा लावा.

तापीकाठचा_स्टुडिओ

आज दुपारी केलं. स्ट्रोब दोन फुटांवर ठेवला तेव्हा टोपीमागे 150 आला. दीड फुटावर नेला तेव्हा टोपीमागे 126, जाकिटाच्या खांद्यामागे 165 आणि कोपरापाशी 205. टोपी साफ, जाकीट साफ. आता जाकिटातून बाहेर आलेल्या सदऱ्याच्या पांढऱ्या बाह्या तेवढ्या खालच्या उजळ भिंतीत अंधुक झाल्यात. 205 वर 235. दिसतात, पण सिलेक्शनला धड सापडत नाहीत.

पांझराकाठ

त्या `Pen Tool` ने घ्या. बाहीची कड म्हणजे साधी लांब वळणाची रेषा, डोळ्याला दिसते तेवढी पुरे. दहा-बारा बिंदूंत होईल. उजळपणाचा फरक केस, मिशा, टोपीची लव यांच्यासाठी राखून ठेवायचा, कारण तिथे हाताने रेषा काढता येत नाही. कापडाची कड हाताने निघते.

नाना_फ्लेक्स

तापीकाठ भाऊ, झाल्यावर फाइल माझ्याकडे पाठव. जमिनीवरच्या स्ट्रोबचं मला माझ्या दुकानात करून बघायचंय, तुझ्या खोलीचा एक फोटोही काढून टाक. माझ्याकडे भिंत फिकट गुलाबी आहे, तिचं काय करू?

पांझराकाठ

नाना, गुलाबी भिंत कमी उजेडात विटकरी दिसेल, म्हणजे त्वचेच्या जवळ जाईल. चेहऱ्याला तीच अडचण येईल. एवढ्या भागापुरता पांढरा चुना मारून घ्या. बाजूच्या भिंतीही गुलाबी असतील तर त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टांगा, नाहीतर गुलाबी उजेड सदऱ्यावर उतरेल.

वाघूर

चेअरमन साहेबांचा एक फोटो मागच्या लाइटसहही काढा भाऊ. दोन्ही कापून केशरीवर शेजारी ठेवा आणि इथे टाका.

तापीकाठचा_स्टुडिओ

काढतो. मंगळवारी सकाळी सगळे येणार आहेत. काकूंना हिरव्या लुगड्यातच या म्हणून सांगितलंय.